फणसावरचा कस्तूर

पस्तिशीत असताना माझी अशी समजूत होती की रत्नागिरीत माझ्याइतके पक्षी कुणालाच ओळखता येत नाहीत. त्या वेळच्या मला आता कधी समोर उभं करता आलं, तर मी तिच्या डोक्यात एक टपली मारीन आणि म्हणेन, अगो, आधी छाती बघ. पण ते पुढे येईल.

मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत असे. आमचं घर मांडवीच्या वरच्या अंगाला. मागे परसात दोन आंबे, एक फणस, एक पांगारा आणि विहिरीपलीकडे जांभ्या दगडाच्या गडग्यामागे, म्हणजे कुंपणामागे, सोडलेलं रान. भावाने मुंबईहून एक जुना कॅमेरा आणून दिला होता, लांब भिंगाचा. रंगीत रोल त्या वर्षांत मिळे, नाही असं नाही, पण तो धुवायला मुंबईला पाठवावा लागे आणि परत येईपर्यंत आपण काय काढलं होतं तेच विसरायला होई. काळापांढरा रोल मात्र बाजारातल्या स्टुडिओत चार दिवसांत धुऊन मिळे. म्हणून माझे सगळे पक्षी काळेपांढरे. पिवळाजर्द हळद्यासुद्धा माझ्या फोटोत विधुरासारखा दिसे.

त्यावर उपाय म्हणजे आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. त्या हेदवीच्या, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, शाळेत अजून कायम न झालेल्या. पूर्वी स्टुडिओत लग्नाचे काळेपांढरे फोटो हाताने रंगवत, नवरीच्या ओठांना लाली, शालूला हिरवा, तसलं काम तिने शिकताना केलं होतं. ते पाण्यासारखे पातळ रंग आणि दोन केसांचा कुंचला घेऊन ती माझ्या पक्ष्यांना रंग भरू लागली. मी तिला अगं म्हणे, ती मला शाळेत बाई आणि घरी ताई. दर रविवारी माझ्या मागल्या पडवीत आमचा कारखाना चाले.

आता फोटोत रंगच नसेल तर डोळ्याला कोणता रंग द्यायचा हे तिला कोण सांगणार? मी. माझी एक वही होती. फोटो काढला की लगेच रोलमधला नंबर, झाड, पक्ष्याचा डोळा, शेपूट आणि किती जण होते एवढं त्यात लिहायचं. वहीशिवाय फोटो म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट.

"हा एकटाच बसलाय. हा काय?" ती विचारी.

"एकटा फोटोत. वहीत बघ, नऊ होते. सातभाई."

"मग सातभाई कसे म्हणायचे?"

"तू लग्नाच्या पंक्तीत पानं मोजतेस का? टोळीने येतात, टोळीने भांडतात, पाचोळा उलथापालथा करतात. शेपूट बघ, लांब आणि ढिली, मागून कुणीतरी खोचून दिल्यासारखी. आणि डोळा पांढरट. त्यात पिवळ्याचा एक थेंब घाल, जास्त नको."

काळ्यापांढऱ्यात सातभाईचा तो फिका डोळा छान येई. करड्या तोंडात पांढरा ठिपका, आणि मधे काळी बाहुली. मुख्याध्यापिका वर्गाबाहेर उभ्या राहून बघत, थेट तशी नजर. हळद्याचा डोळा लाल. पण लाल रंग काळ्यापांढऱ्यात काळाच येतो, त्यामुळे तो वहीवरून लाल करावा लागे. आमच्याकडचा हळद्या काळ्या डोक्याचा, तेव्हा काळ्यात काळा डोळा शोधण्यात तिचा अर्धा तास जाई.

कोतवालाला तर तिने एकदा पांढरा डोळा करून ठेवला होता. विजेच्या तारेवर बसलेला तो काळा पक्षी, शेपूट माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली. मी म्हटलं, "अगो, हा कोतवाल आहे की मोतीबिंदू झालेला कावळा?"

"तुमच्याच फोटोत पांढरा ठिपका आहे, ताई."

"तो डोळा नव्हे. चोचीच्या मुळाशी, गालाच्या कोपऱ्यात त्याला पांढरा ठिपका असतो. डोळा त्याच्या वर. काळपट लाल. फोटोत बुडालाय."

ती खो खो हसली आणि कापसाच्या बोळ्याने तो डोळा पुसून काढला. आतून सासूबाई ओरडल्या, "पाखरांचे डोळे पुसून झाले असतील तर दुधाकडे बघा. उतू गेलं."

हे सगळं हौसेचं होतं तोवर बरं होतं. मग कॉलेजमधल्या प्राणिशास्त्राच्या सरांना आमचे फोटो कळले. सर म्हणाले, जिल्ह्यातल्या शाळांसाठी एक तक्ता छापायचा विचार आहे, बागेतले पक्षी असा. हळद्या, कोतवाल, कस्तूर आणि सातभाई, या चारांत लोक हमखास गोंधळतात, त्यांच्यापासून सुरुवात करू. आधी मे महिन्याच्या सुट्टीत वाचनालयाच्या सभागृहात मूळ फोटोंचं प्रदर्शन, लोक काय म्हणतात ते बघायचं, मग छपाई. तक्त्याच्या खाली फोटो आणि ओळख करणाऱ्याचं नाव.

मला ते नाव हवं होतं. इतकं सरळ लिहायला मला चाळीस वर्षं लागली. तेव्हा मी सर्वांना सांगत असे, छे, नावाचं काय, मुलींना पक्षी कळले म्हणजे झालं. आणि रात्री यांच्या शेजारी पडून विचार करी, नावापुढे बी.एस्सी. छापतील का?

तीन पक्ष्यांचे फोटो होते. कस्तुराचा नव्हता. कस्तूर बुजरा, एकटा, झाडाखालच्या सावलीत पाचोळ्यावर उतरणारा. विहिरीपलीकडच्या रानात मी पुष्कळदा त्याच्या मागे गेले, तो दोन उड्यांत करवंदीच्या जाळीत. आणि मग एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी फणसावर, बऱ्यापैकी उंच, एक पक्षी मिळाला. एकटा. डोकं काळपट, गळ्यावर आणि छातीवर काळसर रेघा, डोळा गडद. वहीत लिहिलं तसंच.

फोटो धुऊन आला तेव्हा मी ओरडलेच, "कस्तूर!"

का? तर माझ्याकडे एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, कुठल्यातरी साहेबाच्या बंगल्यातून रद्दीत आलेलं. त्यात विलायतेतल्या कस्तुराचं चित्र होतं, छातीभर ठिपके. कस्तूर म्हणजे ठिपक्यांची छाती, हे माझ्या डोक्यात त्या चित्राने ठोकून बसवलेलं. आपल्याकडचा नारिंगी डोक्याचा कस्तूर मी रानात पाहिला होता तो पाठमोरा, पळताना. मग मी दोन्हींची सोयरीक जुळवली. डोकं काळपट आहे ना फोटोत? म्हणजे नारिंगी. नारिंगी काळ्यापांढऱ्यात काळपटच येणार. छातीवर रेघा आहेत ना? झालं तर.

चित्रकलेच्या बाईंना शंका आली होती, हे मी प्रामाणिकपणे सांगते. फोटो उजेडात धरून ती म्हणाली, "ताई, नारिंगी इतका काळा येत नाही. मी नवऱ्यांचे फेटे रंगवलेत. नारिंगी फिका येतो."

"फेट्याला पिसं असतात काय?" मी म्हटलं.

तिने डोकं नारिंगी रंगवलं. सुंदर रंगवलं, शेंदरी कळीसारखं. छातीवरच्या रेघा तशाच ठेवल्या. असा पक्षी देवाने केलेलाच नव्हता. तो आम्ही दोघींनी मागल्या पडवीत केला.

चारही फोटो ती सरांकडे घेऊन गेली, मे महिना लागल्यावर. माझ्याकडे तेव्हा मुंबईचे दीर, जाऊ आणि त्यांची तीन मुलं आली होती, आणि मी सकाळपासून घावन घालत होते. जाताना ती म्हणाली, "वही द्या ताई, सरांना दाखवते." मी वहीही दिली.

पुढच्या रविवारी दुपारी सगळे झोपले होते. मी परसात वाळत घातलेली आंब्याची साठं उलटायला गेले, तर फणसावर चिवचिवाट. तोच पक्षी, नाही तर त्याचं भावंड. काळपट डोकं, रेघांची छाती, पंख थरथरवत चोच उघडून बसलेलं. आणि वरून एक पिवळाधमक, काळ्या डोक्याचा, लाल डोळ्याचा मोठा हळद्या आला आणि त्याने त्या चोचीत किडा कोंबला. बाप होता की आई कोण जाणे, त्यांच्यात दोघं सारखेच दिसतात. उजेडात पिल्लाचं पोट दिसलं. पिवळं. डोळा अजून लाल झालेला नव्हता, तपकिरी होता. एवढंच.

मी साठं हातात धरून उभी राहिले. माझा कस्तूर हळद्याचं पोर निघाला.

लाज वाटली, पण हसूही आलं. ठरवलं की सोमवारी जाऊन तिला सांगायचं, दुसरा फोटो काढू, तोवर सरांना तीनच पक्षी लावा म्हणावं. सोमवारी तिच्या खोलीला कुलूप. मंगळवारी कुलूप. घरमालकीण म्हणाली, बाई सरांकडे असतात हल्ली, चौकटींचं काम चाललंय.

बुधवारी मी सभागृहात गेले. फोटो भिंतीवर लागलेले होते, काचेच्या चौकटीत, खरोखर देखणे. खाली सुबक अक्षरात पुठ्ठ्याची पाटी. छायाचित्रे, ओळख व रंग, आणि पुढे एकच नाव. तिचं. टेबलावर माझी वही उघडी ठेवलेली, आणि तिच्या पहिल्या पानावर, जिथे मी माझं नाव लिहिलं होतं, तिथे रंगीत कागदाची वेलबुट्टी चिकटवलेली.

ती शिडीवरून खाली उतरली. मला पाहून तिचे कान लाल झाले.

"हे काय गो?" मी विचारलं.

"सरांनी पाटी लहान सांगितली, ताई."

"माझं नाव काय इतकं लांब आहे?"

"तसं नव्हे. मुख्याध्यापिकाबाई येणार आहेत शनिवारी. जूनमध्ये माझ्या कायम होण्याचा विचार होणार आहे. तुमचं काय, तुम्ही कायमच आहात. पुढच्या तक्त्याला तुमचं घालू ना."

"आणि वहीवर वेलबुट्टी?"

तिने शिडी उचलून दुसऱ्या भिंतीला नेली.

घरी येताना मी काय काय बोलले ते ऐकायला रस्त्यावर फक्त एक म्हैस होती. माझ्या पडवीत बसून, माझा चहा पिऊन, माझे डोळे, माझ्या शेपट्या, माझी मोजदाद! पहिल्या रविवारी सातभाईला ती चिमणीची थोरली बहीण म्हणाली होती. तिला मी बघायला शिकवलं. आणि तिने मला पानाखाली चिकटवून टाकलं. रात्री जेवले नाही. यांनी विचारलं तर म्हटलं, पित्त झालंय. विश्वासाने दिलेली वस्तू परत आलीच नाही तर माणूस निदान मागू शकतो. पण तिने वस्तू घेतली नव्हती, मला त्यातून वजा केलं होतं.

आणि मग त्या दुखऱ्या पोटात एक गोड विचार उमटला. फणसावरचा कस्तूर. ओळख कुणाची? पाटीवर लिहिलंय ना. तिची. बरं तर.

गुरुवारी मी तिला भाजीबाजारात भेटले. ती थांबली, काही बोलेल असं वाटलं. मी कोथिंबीर हुंगत पुढे गेले. शुक्रवारी काही झालं नाही. म्हणजे तिला सांगायला माझ्याजवळ पुरते दोन दिवस होते, आणि ते मी जपून न वापरता ठेवले.

शनिवारी सभागृह भरलं. मे महिन्यात रत्नागिरीत मुंबईहून आलेली माणसं खूप, आणि दुपारी उकाड्यात पंख्याखाली फुकट बसायला जागा म्हणून निम्मी तिथे आलेली. मुख्याध्यापिका आल्या. सर तिचं कौतुक करत होते. मी मागच्या रांगेत बसून पदराने वारा घेत होते, चेहऱ्यावर अगदी सात्त्विक भाव.

त्या गर्दीत मुंबईच्या गोदीत कारकून असलेले एक गृहस्थ होते. दाभोळकडचे, सुट्टीवर गावी आलेले, शर्टाच्या खिशात चष्मा आणि गळ्यात जुनी दुर्बीण. ते एकेक फोटो नाक लावून बघत होते. कोतवालापाशी मान डोलावली. सातभाईपाशी म्हणाले, "डोळा मस्त पकडलाय." हळद्यापाशी, "व्वा." कस्तुरापाशी ते इतका वेळ थांबले की मागची रांग तुंबली.

"हा कुठे मिळाला?" त्यांनी विचारलं.

"फणसावर," ती म्हणाली.

"उंच?"

"हो."

"नारिंगी कस्तूर फणसावर इतका उंच कशाला बसेल? तो खाली पाचोळ्यात. शिवाय त्याच्या छातीवर रेघ नसते, साफ नारिंगी असते. गालावर दोन उभे काळे पट्टे हवेत, ते कुठे आहेत?" ते वाईटपणाने बोलत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. "आणि मूळ फोटोत डोकं काळं असणार. वरून रंग दिलाय ना हा?"

सर पुढे आले. मुख्याध्यापिका वळल्या. ती कुंचला धरायच्या त्या बोटांनी पदराला पीळ घालत उभी राहिली, आणि मग तिने सभागृहभर नजर फिरवून मला शोधलं.

"ओळख माझी नाही," ती स्पष्ट म्हणाली. "ओळख त्या बाईंची. मी नुसता त्यांनी सांगितला तो रंग दिला."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. बुधवारपासून ज्या नावासाठी मी जळत होते ते नाव अखेर मिळालं, चुकीच्या पक्ष्याखाली.

आता या क्षणी शहाणी बाई काय करती? म्हणाली असती, चूक झाली, आणि बसली असती. पण ही पस्तिशीची बाई उठली. पदर खोचला. भिंतीपाशी गेली आणि वर्गात शिकवावं तशी खणखणीत बोलली.

"हा कस्तूर नाही. हे हळद्याचं पिल्लू आहे. याचं फोटोतलं डोकं मुळात काळपट आहे. गळ्यावर रेघा आहेत, त्या पिल्लाला असतात, मोठा झाला की गळा काळा होतो. डोळा गडद आहे कारण लाल अजून उतरलेला नाही. पोट पिवळं."

गोदीतले गृहस्थ खूश झाले. "बरोबर! पण पोट पिवळं हे फोटोत कसं कळलं तुम्हाला?"

"फोटोत नाही. मी प्रत्यक्ष पाहिलं. मोठा हळद्या त्याला भरवत होता, आमच्या परसात."

"कधी?"

"गेल्या रविवारी," मी म्हटलं.

लोकांच्या दृष्टीने त्यात काही नव्हतं. सर मान हलवत होते, मुख्याध्यापिका पाटी वाचत होत्या. फक्त तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे दिवस जाताना मला दिसले. रविवार. बुधवारी मी इथे उभी होते. गुरुवारी भाजीबाजारात.

"तुम्हाला रविवारपासून ठाऊक होतं," ती हळू म्हणाली.

"तुला जागा कमी होती ना पाटीवर?" मी तितक्याच हळू म्हटलं.

ती चौकटीपाशी गेली, तो फोटो खिळ्यावरून काढला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि निघून गेली. पुढे कित्येक दिवस मी लोकांना सांगत असे, बघा, चोराच्या उलट्या बोंबा. सांगताना आवाज अगदी खरा दुखावलेला निघे, कारण दुखावलेली तर मी होतेच. त्या वेलबुट्टीची बोच मला अजून आहे. आज माझी नातवंडं हसतात, पण कुणी आपल्या हाताने लिहिलेलं आपलं नाव असं फुलापानांनी बुजवावं, त्यावर हसू यायला फार म्हातारं व्हावं लागतं. मी झाले, म्हणून थोडं येतं.

जूनमध्ये तिला कायम केलं नाही. कारण काय दिलं ते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. तिला गुहागर तालुक्यात कुठेशी जागा मिळाली आणि ती गेली.

पावसाळ्यात एका संध्याकाळी सर तक्त्याचा छपाईआधीचा रंगीत नमुना घेऊन आमच्याकडे आले. कस्तुराची चौकट काढून टाकली होती, तिथे त्यांनी हळद्याचं पिल्लू हळद्याशेजारी घेतलं होतं, डोकं पुन्हा काळं करून. छायाचित्रे व ओळख, पुढे माझं नाव, बी.एस्सी. सकट. बाकीचे रंग सगळे तिचेच होते. सातभाईच्या डोळ्यातला तो पिवळा थेंबसुद्धा.

सर पेन उघडून म्हणाले, "रंगांसाठी बाईंचं नाव खाली घालायचं ना? त्यांचा पत्ता नाही माझ्याकडे. त्यांना विचारायला हवं का?"

मी कपबशी त्यांच्यापुढे सारली.

"मी विचारलं त्यांना," मी म्हटलं. "नको म्हणाल्या."

सरांनी पेन मिटलं. बाहेर गडग्यावरून पाणी वाहत होतं. सासूबाई आतून म्हणाल्या, "कुणाला विचारलंस गो तू?" मी म्हटलं, "काही नाही, दुधाकडे बघते," आणि उठले.